‘पेमेंट झालंय काका’, आणि दुकानाचा क्यूआर गप्प

उदाहरण म्हणून पुण्यातलं शनिपाराजवळचं एक किराणा दुकान घेऊ. मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळचे सात चाळीस. गल्ल्यावर तांदूळ, तूरडाळ आणि तेलाची पिशवी, बिल ६४० रुपये. गिऱ्हाइकाने काचेवरचा क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, हिरवी टिक आली आणि त्याने फोन खिशात टाकला.

‘झालंय काका.’

‘इकडे काही आलं नाही.’

‘अहो, खात्यातनं गेलेत. एसएमएस आलाय, बघा ना.’

‘तुमचे गेले असतील हो. माझ्याकडे आले नाहीत, त्याला मी काय करू?’

मागे चार माणसं ताटकळलेली. इथून पुढे बहुतेक ठिकाणी आवाज चढतो, कारण दोघंही आपापल्या फोनकडे बघून खरंच बोलत असतात. ‘दिलेस की नाही’ यावर वाद घालण्यापेक्षा पैसे नेमके कुठे अडकलेत हे शोधलं, तर पाच मिनिटांत उलगडा होतो. निदान पुढे काय करायचं ते तरी ठरतं.

दोघंही खरं बोलत असतील, ते कसं?

यूपीआयचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो. आधी गिऱ्हाइकाच्या बँकेतून पैसे वजा होतात, मग यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यंत्रणेतून दुकानदाराच्या बँकेला निरोप जातो, ‘एवढे जमा कर’. त्या बँकेने ‘केले’ असं उत्तर दिलं की चक्र पूर्ण. हे सगळं काही सेकंदांत उरकतं, म्हणून आपल्याला तो एकच व्यवहार वाटतो.

अडचण येते ती दुसऱ्या टप्प्यावर. दुकानदाराच्या बँकेचा सर्व्हर त्या क्षणी मंद असला आणि उत्तर वेळेत आलं नाही, तर यंत्रणेला कळत नाही की पैसे जमा झाले की नाही. अशा वेळी व्यवहार ‘डीम्ड’, म्हणजे झाला असं धरून चालतात आणि पक्का हिशोब नंतर दोन्ही बँकांच्या मेळात लागतो. गिऱ्हाइकाच्या अॅपमध्ये तेव्हा कधी ‘यशस्वी’ दिसतं, कधी ‘प्रक्रिया सुरू’. दुकानाच्या बाजूला मात्र काहीच दिसत नाही. आपल्या उदाहरणातल्या काकांचं खातं एका सहकारी बँकेत आहे आणि क्यूआर थेट त्या खात्याला जोडलेला आहे. ही शक्यता लक्षात ठेवा, पण लगेच तिच्यावर उडी मारू नका. त्याआधी सोपी कारणं तपासायची, कारण बहुतेक वेळा घोटाळा तिथेच असतो.

आधी गिऱ्हाइकाच्या फोनवर तीन गोष्टी

स्क्रीनशॉट बघायचा नाही. तो कालचा असू शकतो, दुसऱ्या दुकानातला असू शकतो, बनवलेलाही असू शकतो. ‘जरा अॅप बंद करून परत उघडा आणि हिस्टरीतला हाच व्यवहार दाखवा’ असं शांतपणे सांगायचं. फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. त्यांनीच धरावा, आपण बघावं.

पहिली गोष्ट, पैसे कोणाच्या नावावर गेले. जून २०२५ च्या अखेरीपासून अॅपने पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवावं असा एनपीसीआयचा नियम आहे. म्हणजे पाटीवर ‘श्री गणेश किराणा’ असलं, तरी पैसे देताना मालकाचं बँकेतलं नाव दिसू शकतं. ते नाव गल्ल्यावरच्या प्रत्येक माणसाला पाठ हवं. भलतंच नाव दिसलं तर प्रश्न तिथेच सुटला: पैसे गेलेत, पण आपल्याकडे नाही.

दुसरी गोष्ट, व्यवहाराची अवस्था. ‘यशस्वी’, ‘प्रलंबित’ आणि ‘अयशस्वी’ या तिघांत फार फरक आहे, पण घाईत गिऱ्हाईक खात्यातून वजा झाल्याचा एसएमएस बघतं आणि ‘झालं’ म्हणतं. पैसे वजा होऊनही व्यवहार अयशस्वी ठरू शकतो. मग ते त्याच्याच खात्यात परत येतात. ‘प्रलंबित’ असेल तर दीड मिनिट थांबून एकदाच पुन्हा बघायला सांगा. सारखं रिफ्रेश करून उपयोग नाही, कारण ऑगस्ट २०२५ पासून अडकलेल्या व्यवहाराची अवस्था तीनदाच तपासता येते आणि दोन तपासण्यांत ९० सेकंदांचं अंतर लागतं. त्या वेळात मागच्या गिऱ्हाइकाचं बिल करून टाकावं. तेवढ्याने निम्मा ताण उतरतो.

तिसरी आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे त्या व्यवहाराची ओळख असलेला बारा आकडी यूटीआर क्रमांक. अॅपमध्ये तो ‘UTR’, ‘UPI Ref. No.’ किंवा ‘UPI transaction ID’ अशा नावाखाली असतो. त्याच पानावर अॅपचा स्वतःचा एक लांबलचक, अक्षरं मिसळलेला क्रमांकही असतो. बँकेशी बोलताना तो चालत नाही. बारा आकड्यांचाच घ्यायचा.

या बारा आकड्यांत एक गंमत आहे. बहुतेक वेळा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ११ नोव्हेंबर हा २०२५ चा ३१५ वा दिवस. म्हणजे त्या दिवसाचा यूटीआर साधारणपणे 5315 ने सुरू व्हायला हवा. समोरच्याचा 5298 ने सुरू होत असेल, तर तो २५ ऑक्टोबरचा व्यवहार दाखवतोय असा संशय घ्यायला जागा आहे. पण याला इशारा समजा, पुरावा नव्हे. आकडे जुळले नाहीत म्हणून कुणाला चोर ठरवू नका आणि जुळले म्हणून मालही सोडू नका.

मग आपल्या बाजूला, पण योग्य जागी

साउंडबॉक्स बोलला नाही याचा अर्थ पैसे आले नाहीत असा होत नाही. त्या डब्यात स्वतःचं सिम असतं. बॅटरी उतरली, रेंज गेली, कुणी आवाज कमी केला, की तो गप्प. दिवाळीच्या गर्दीत लक्ष्मी रस्त्यावर नेटवर्क गुदमरलं की डबा दहा मिनिटं मुका राहतो आणि मग ओळीने सात-आठ रकमा ओरडून सांगतो. एसएमएसचंही तसंच. छोट्या रकमांचे एसएमएस काही बँका पाठवतच नाहीत, त्यामुळे ‘मेसेज नाही आला’ हे कारण टिकत नाही.

बघायचं ते अॅपच्या व्यवहारांच्या यादीत, आणि इथे क्यूआर कोणत्या जातीचा आहे ते माहीत असावं लागतं. क्यूआर थेट बँक खात्याला जोडलेला असेल तर यूपीआय अॅपची हिस्टरी बघा किंवा बँकेच्या अॅपमधलं छोटं स्टेटमेंट काढा. क्यूआर एखाद्या पेमेंट कंपनीचा, दुकानदारांसाठीचा असेल, तर पैसे आधी त्या कंपनीकडे जमा होतात आणि दिवसाअखेर किंवा दुसऱ्या दिवशी एकरकमी खात्यात येतात. अशा दुकानदाराने बँकेचं अॅप उघडून ‘६४० कुठे दिसत नाहीत’ म्हणणं चूक आहे, दिसणारच नाहीत. त्याने कंपनीचं व्यापारी अॅपच बघायचं.

पुण्यातल्या दुकानांत आणखी एक नेहमीचा प्रकार. क्यूआर मुलाच्या नंबरवर, मुलगा हिंजवडीत नोकरीला, गल्ल्यावर वडील. पैसे आले की नाही हे विचारायला फोन करायचा आणि तो मीटिंगमध्ये. यावर इलाज एकच: व्यापारी अॅपमध्ये मदतनिसाचा नंबर जोडायची सोय असते, ती वापरून गल्ल्यावरच्या फोनवर निदान जमा झालेल्या रकमा दिसतील असं करून घ्या. बँकेचा पिन कुणाला द्यावा लागत नाही.

आणि काचेवर दोन-तीन कंपन्यांचे क्यूआर शेजारी शेजारी चिकटवलेले असतील, तर ‘कुठला स्कॅन केलात?’ हे आधी विचारा. निळ्यावर आलेले पैसे जांभळ्याच्या अॅपमध्ये शोधणारे कमी नाहीत. जुन्या अॅपचं स्टिकर राहून गेलं असेल तर पैसे आपल्याच पण विसरलेल्या खात्यात पडलेले सापडतात. ते स्टिकर आजच खरवडून काढा.

रक्कम नव्हे, यूटीआर जुळवा

वडापावच्या गाडीवर किंवा अमृततुल्यमध्ये हा घोळ सगळ्यात जास्त होतो, कारण सगळ्यांची रक्कम एकसारखी. सात चाळीसला दोन चहाचे चाळीस रुपये तिघांनी दिले, यादीत दोनच चाळीस दिसतायत आणि तिघंही म्हणतात ‘तो माझाच’. रक्कम आणि वेळ बघून निकाल लागत नाही. यादीतल्या नोंदीवर बोट ठेवून आतला यूटीआर उघडायचा आणि शेवटचे चार आकडे वाचायला लावायचे. ज्याचे जुळले तो मोकळा. उरलेल्याचे पैसे अडकलेत किंवा गेलेच नाहीत. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला जाऊ द्यायचं आणि गप्प उभ्या पोराकडून पुन्हा चाळीस घ्यायचे, असं यात होत नाही.

आपल्या उदाहरणात काय निघालं

काकांनी नाव बघितलं, त्यांचंच होतं. अवस्था ‘यशस्वी’. यूटीआर 5315 ने सुरू होणारा. काचेवर एकच क्यूआर. काकांच्या अॅपमध्ये त्या क्रमांकाची नोंद नाही, बँकेच्या स्टेटमेंटमध्येही नाही. म्हणजे सोपी कारणं संपली. उरल्या दोन शक्यता: पैसे बँकेच्या मेळात अडकलेत किंवा समोरचा बनावट अॅप दाखवतोय.

बनावट अॅपबद्दल स्पष्ट सांगायला हवं. हुबेहूब दिसणारी अशी अॅप आहेत. त्यांत दुकानाचं नाव, रक्कम, हिरवी टिक, टिंग आवाज, इतकंच काय खोटी हिस्टरीसुद्धा येते. समोरच्याच्या पडद्यावरून ते शंभर टक्के ओळखता येईल या भ्रमात राहू नका. त्याच्याच फोनमधून ‘पैसे प्राप्त झाले’ असा आवाज येत असेल तर कान टवकारा. तो आवाज आपल्या डब्यातूनच यायला हवा. बँकेचं स्वतःचं अॅप उघडून स्टेटमेंटमधली नोंद दाखवायला सांगणं हा त्यातल्या त्यात चांगला उपाय. खरा माणूस कुरकुरत का होईना दाखवतो. पण एक खाच आहे: यूपीआय लाइटमधून दिलेले पैसे बँकेच्या स्टेटमेंटमध्ये वेगवेगळे दिसत नाहीत, कारण ते आधीच वेगळ्या काढून ठेवलेल्या शिलकेतून जातात आणि त्याला पिनही लागत नाही. लाइटची मर्यादा एका व्यवहाराला १,००० रुपये आहे, म्हणजे ६४० त्यात बसतात. तेव्हा ‘लाइटवरून दिले का?’ हे विचारायला विसरू नका. आपल्या गिऱ्हाइकाने पिन टाकला होता, म्हणजे लाइट नव्हे, आणि त्याच्या बँकेच्या नोंदीत ६४० वजा दिसले.

आता निर्णय. मालाचं काय करायचं?

नियम साधा ठेवा: आपल्या यादीत नोंद दिसल्याशिवाय विक्री पूर्ण झाली असं धरायचं नाही. पण म्हणून समोरच्याला खोटारडंही म्हणायचं नाही. ओळखीचं, रोजचं गिऱ्हाईक असेल तर माल द्या आणि उधारीच्या वहीत यूटीआरसकट लिहा. अनोळखी असेल तर दोन रस्ते द्या. एक, माल नावाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवू, पैसे दिसले की न्या. दोन, आता रोख द्या आणि आधीचे आले की परत न्या. दुसऱ्या रस्त्यात लेखी कबुली दिली की माणूस निवळतो. बिलाच्या मागे एवढं पुरे:

‘११/११/२५, सायं. ७.४०, रु. ६४०, यूटीआर ……… . ही रक्कम आमच्या खात्यात जमा झाल्यास परत देऊ.’ खाली दुकानाचा शिक्का आणि सही. एक प्रत त्यांना, एकीचा फोटो आपल्याला.

‘परत एकदा स्कॅन करून बघा’ मात्र म्हणू नका. पहिला व्यवहार अडकलेला असताना दुसराही त्याच मंद सर्व्हरवर आदळतो, आणि मग एकाऐवजी दोन रकमांचा माग काढत बसावं लागतं. लागोपाठ दोन गिऱ्हाइकांचं असंच झालं तर समजा की आपल्याच बँकेचा घोळ आहे. मग अर्धा तास क्यूआरवर कागद चिकटवा आणि रोख घ्या, किंवा दुसऱ्या बँकेचा क्यूआर काढा.

दुसऱ्या दिवशी

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात याच्या मुदती ठरलेल्या आहेत. साध्या यूपीआय हस्तांतरणात एकाचे वजा झाले आणि दुसऱ्याला जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे आपोआप परत जायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पेमेंटमध्ये खात्यातून गेले पण दुकानात खात्री पोचली नाही, तर ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यानंतर उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती मागणी न करता मिळायला हवी. भरपाई मिळते ती पैसे वजा झालेल्या गिऱ्हाइकाला, म्हणून तक्रारही त्यानेच करायची असते. दुकानदाराने आपल्या बँकेत विचारणा जरूर करावी, पण बँकेला त्याच्या बाजूने फक्त ‘नोंद नाही’ एवढंच दिसू शकतं.

तक्रारीचा क्रम असा. गिऱ्हाइकाने ज्या अॅपवरून पैसे दिले त्याच अॅपमध्ये तो व्यवहार उघडून मदत किंवा तक्रारीचं बटण दाबायचं. तिथे यूटीआर आपोआप भरला जातो. तिथे काही हललं नाही तर स्वतःच्या बँकेत. मग एनपीसीआयच्या संकेतस्थळावरची यूपीआय तक्रारीची सोय किंवा टोल फ्री 1800-120-1740. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर. गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून फोन करू नका. तिथले कितीतरी नंबर ठगांचेच असतात आणि ६४० परत मिळवताना चौसष्ट हजार जातात.

आपल्या काकांना बुधवारी दुपारी बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ६४० जमा दिसले, तपशिलात तोच 5315 वाला क्रमांक. वहीतल्या क्रमांकाशी त्यांनी बाराच्या बारा आकडे ताडून पाहिले. हे महत्त्वाचं, कारण ६४० चं दुसरं कुणाचं बिलही असू शकतं. गिऱ्हाइकाने आदल्या दिवशी रोख दिले होते, म्हणून काकांनी त्याला ६४० परत दिले आणि चिठ्ठी मागून घेऊन फाडली.

परत देताना एक पथ्य. ‘पैसे आलेत म्हणे तुमच्याकडे, परत पाठवा’ एवढ्या फोनवर काही पाठवायचं नाही. आधी आपल्या स्टेटमेंटमध्ये नोंद बघायची, मग चिठ्ठी बघायची. आणि पैसे *घेण्यासाठी* कधीही पिन टाकावा लागत नाही. समोरचा ‘रिफंडसाठी पिन टाका’ म्हणाला की तिथेच फोन ठेवायचा.

नाव भलतंच दिसलं तर

हा प्रकार वेगळा आहे आणि तातडीचा. रात्री किंवा गर्दीत कुणी आपल्या क्यूआरवर स्वतःच्या क्यूआरचं स्टिकर चिकटवून जातं. गिऱ्हाइकाने प्रामाणिकपणे पैसे दिलेले असतात, पण ते जातात त्या माणसाकडे. अशा वेळी आधी क्यूआर झाकून टाका, म्हणजे पुढचं गिऱ्हाईक अडकणार नाही. स्टिकर फेकू नका, फोटो काढा. भलतं नाव, रक्कम, वेळ आणि यूटीआर टिपून लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करायचा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. पैसे त्या खात्यातून पुढे काढले जाण्याआधी ते गोठवायचे असतात, म्हणून इथे मिनिटं मोजावीत. गिऱ्हाइकाला थोडा वेळ थांबवून त्याच्याकडूनही फोन करवून घ्या, कारण खातं त्याचं आहे.

क्यूआर बाहेरच्या खांबावर किंवा गाडीच्या फळीवर ठेवण्यापेक्षा काचेच्या आतल्या बाजूने लावला तर त्यावर दुसरं स्टिकर लागत नाही. रोज सकाळी शटर उघडल्यावर घरच्या दुसऱ्या फोनवरून तो स्कॅन करून नाव वाचायचं, आणि जमलं तर एक रुपया पाठवून डबा बोलतो का तेही बघायचं. बाहेर लावावाच लागत असेल तर दुपारी एक ते चार बंद ठेवणाऱ्यांनी चारला शटर उघडतानाही एकदा स्कॅन करावा.